बीटा-कॅटेनिनचा हौद : धुळ्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून प्रकल्प अधिकृतपणे सुरू. विभागाच्या कपाटातून मोठ्या आतड्याच्या गाठींचे मेणात बसवलेले २६ ब्लॉक काढले. नैतिक समितीची परवानगी डिसेंबरातच मिळाली होती. बहुतेक रुग्ण धुळे, साक्री, शिरपूरकडचे, काही नंदुरबारचे. नावांवर पट्ट्या लावून क्रमांक टाकले, यापुढे ब्लॉक १ ते २६ एवढीच ओळख.

प्रश्न एकच ठेवला आहे. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन या गाठींत पेशीच्या कडेला दिसतं की केंद्रकात? आणि जे दिसतं त्यावरून पेशीत काय बिघडलं हे किती खात्रीनं सांगता येतं?

निरोगी पेशीत या प्रथिनाची नेहमीची जागा कडेला असते. तिथे ते ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं. कडेला जागा न मिळालेलं जास्तीचं बीटा-कॅटेनिन पेशीरसात फिरतं, आणि पेशी त्यातलं निम्मं तासाभरात मोडून टाकते. मोडलं नाही तर ते केंद्रकात शिरतं, टीसीएफ प्रथिनांना जाऊन मिळतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. मिक हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं जनुक. म्हणजे आम्हाला शोधायचं आहे ते न मोडलेलं बीटा-कॅटेनिन.

९ जानेवारी

सरांनी सांगितलं, "मोडणी कशी होते ते आधी कागदावर नीट मांड, मग अँटिबॉडीला हात लाव." मांडलं.

मोडणारी टोळी चौघांची. ॲक्सिन ही बैठक, तिच्यावर बाकीचे येऊन बसतात. एपीसी हे २८४३ अमिनो आम्लांचं अवाढव्य प्रथिन बीटा-कॅटेनिनला धरून ठेवतं. सीके-१ आणि जीएसके-३ ही फॉस्फेट चिकटवणारी दोन विकरं. सीके-१ पहिला फॉस्फेट ४५ व्या सेरीनवर लावतं. तो लागल्यावरच जीएसके-३ पुढे सरकतं आणि ४१, ३७, ३३ अशा उलट्या क्रमानं खुणा करत जातं. शेवटच्या दोन खुणा, ३७ आणि ३३, बीटा-टीआरसीपी या प्रथिनाला ओळखू येतात. ते युबिक्विटिनची साखळी लावतं आणि प्रोटिएसोम हे पेशीतलं यंत्र बीटा-कॅटेनिनचे तुकडे करतं.

विंट या प्रथिनाचा निरोप बाहेरून आला की पेशीच्या कातडीवरचे फ्रिझल्ड आणि एलआरपी-६ हे ग्राहक ॲक्सिनला आपल्याकडे ओढून घेतात. मोडणी मंदावते आणि बीटा-कॅटेनिन साठतं. बनवण्याचा वेग मात्र तोच राहतो. संपूर्ण यंत्रणेचा कणा हाच आहे, म्हणून वहीत दोनदा अधोरेखित केलं.

विंट या नावाचा उगम वाचून फार आनंद झाला. इंट-१ हे उंदरातलं जनुक नुसे आणि व्हार्मस यांनी १९८२ मध्ये शोधलं. पुढे कळलं की फळमाशीतलं विंगलेस म्हणजे तेच जनुक, आणि दोन्ही नावं जोडून विंट झालं. ती पंख नसलेली माशी १९७३ मध्ये पहिल्यांदा नोंदवली ती शर्मा या भारतीय संशोधकानं. पंख का उगवले नाहीत या प्रश्नापासून निघालेली वाट आतड्याच्या कर्करोगापर्यंत येते हे मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

१५ जानेवारी

पहिली खेप वाया गेली.

चार मायक्रॉनचे सेक्शन, रात्रभर ओव्हनमध्ये, मग झायलीन, अल्कोहोल, आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९ मध्ये प्रेशर कुकर. बीटा-कॅटेनिनला चिकटणारी अँटिबॉडी एक तास, पुढे ती चिकटली तिथे उमटणारा डीएबीचा तपकिरी रंग. स्लाइड पाहिली तर गाठीच्या पेशींची केंद्रकं गर्द तपकिरी. मला वाटलं, आलं उत्तर! पण तंत्रज्ञ जिभाऊंनी भिंगाखाली एकदाच पाहिलं आणि अहिराणीतच म्हणाले, "मॅडम, हाऊ रंग खोटा शे."

त्यांनी बोट ठेवलं ते गाठीवर नव्हे, तिच्या शेजारच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर. त्यांची केंद्रकंही तेवढीच तपकिरी होती. लिम्फोसाइटच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन असा साठून राहायचं काही कारण नाही. तिथे रंग आला म्हणजे अँटिबॉडी वाटेल तिथे चिकटली आहे, आणि मग गाठीतल्या रंगावरही विश्वास ठेवता येत नाही. अँटिबॉडी जास्त दाट होती, कुकरमध्ये वेळही जास्त झाला होता.

तेव्हापासून नियम केला. प्रत्येक स्लाइडवर गाठ पाहण्याआधी तीन ठिकाणं पाहायची. लिम्फोसाइटची केंद्रकं निळीच राहिली पाहिजेत. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला कडेनं बारीक तपकिरी रेघ हवी. आणि गाठीलगतच्या निरोगी अस्तरात पेशींच्या कडा जाळीसारख्या उठून दिसल्या पाहिजेत. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी ती स्लाइड मोजायची नाही.

२१ जानेवारी

अँटिबॉडी पातळ केली, कुकरची वेळ कमी केली. आज ब्लॉक ३ वरचं निरोगी अस्तर इतकं स्वच्छ आलं की अर्धा तास तेच पाहत बसले.

मोठ्या आतड्याचं अस्तर म्हणजे शेजारीशेजारी खणलेल्या बारीक विहिरी, क्रिप्ट. तळाशी मूळपेशी असतात. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत वरच्या काठावरून गळून जातात. विंटचा निरोप तळाशी सर्वांत जोरात, वर जावं तसा क्षीण. रावेर-यावलच्या माणसाला हे केळीवरून लगेच कळेल : नवं पील कंदापाशीच फुटतं, वर पानांच्या बेचक्यात कधी फुटत नाही. पेशीही तळापासून लांब गेली की विभागणं थांबवते आणि कामाला लागते.

एपीसी गमावलेली पेशी वर सरकली तरी तिला निरोप संपल्याचं कळत नाही. ती तळाशीच असल्यासारखी विभागत राहते. पॉलिपची, म्हणजे अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या गाठीची, सुरुवात तिथे होते.

२ फेब्रुवारी

रविवार. घरी हौद भरताना गणित सुचलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे हौद या विषयात सगळेच तज्ज्ञ.

नळाची धार कायम आणि खालचं भोक उघडं, तर पाणी एका पातळीवर स्थिर राहतं. पातळी जितकी जास्त तितकं भोकातून जास्त वाहतं, आणि जिथे आवक-जावक जुळते तिथे पाणी थांबतं. आता भोकात चिंधी अडकली तर नळ तेवढाच राहूनही पातळी चढते. पेशीत नळ म्हणजे बीटा-कॅटेनिन बनणं, भोक म्हणजे त्याची मोडणी.

बेडकाच्या अंड्याच्या अर्कावर मोजमापं करून २००३ मध्ये ली, सॅलिक, क्रुगर, हाइनरिख आणि किर्शनर यांनी या यंत्रणेचं गणिती प्रतिमान मांडलं. त्यात बीटा-कॅटेनिनची पातळी साधारण ३५ नॅनोमोलर आणि आवक मिनिटाला सुमारे ०.४२ नॅनोमोलर धरली आहे. भागाकार केला की मोडणीचा वेग मिनिटाला ०.०१२ येतो, म्हणजे अर्धायुष्य सुमारे ५८ मिनिटं. समजा मोडणी एक षष्ठांश झाली :

```python
s, k, b = 0.42, 0.012 / 6, 35.0
for t in range(1441):
    if t % 240 == 0:
        print(t // 60, round(b))
    b += s - k * b
```

चार तासांनी १०२, आठ तासांनी १४३, बारा तासांनी १६९, चोवीस तासांनी २००. शेवटी २१० वर स्थिर, म्हणजे मूळच्या सहापट. याउलट मोडणी शाबूत ठेवून नळ दुप्पट सोडला तर पातळी फक्त ७० ला जाऊन थांबते, आणि तासा-दोन तासांत बरंचसं अंतर कापते. मोडणी बिघडली की पातळी उंच जाते आणि स्थिर व्हायलाही जास्त वेळ लागतो, कारण दोन्ही त्याच एका भोकावर अवलंबून आहेत. हे मला सूत्रात दिसत होतं, पण आकडे छापून आले तेव्हा पटलं.

सरांनी बरोबर त्रुटी काढली. मोडणी पूर्ण बंद पडली तर माझा हौद नुसता चढतच जातो, प्रत्यक्षात तसं होत नाही. पेशी विभागली की प्रथिनाचीही वाटणी होते. दिवसातून एकदा विभागणाऱ्या पेशीत ही वाटणीच मिनिटाला सुमारे ०.०००५ या वेगानं पातळी खाली ओढते. शिवाय अंड्याच्या अर्कातले आकडे आतड्याच्या पेशीला जसेच्या तसे लागू नाहीत. किती पट वाढलं एवढंच यातून घ्यायचं.

११ फेब्रुवारी

पंधरा ब्लॉक वाचून झाले. दोन गोष्टींनी छळलं.

पहिली हेमॅटॉक्सिलिनची. केंद्रकं दिसावीत म्हणून शेवटी निळा रंग देतो. तो पाच-सात मिनिटं दिला की केंद्रकातला फिका तपकिरी त्याखाली बुडतो आणि केंद्रकं नुसती काळपट दिसतात. ब्लॉक ९ मी आधी "केंद्रकात नाही" असा लिहिला होता. जिभाऊंनी नवा सेक्शन अर्ध्या मिनिटात निळ्यातून बाहेर काढला तर तपकिरी स्पष्ट. आधीचे सहा ब्लॉक पुन्हा करावे लागणार. एक गोष्ट मनात ठेवली : खोटा होकार लिम्फोसाइट पकडून देतात, खोटा नकार पकडून देणारं स्लाइडवर कुणी नसतं. त्यासाठी वेगळी नियंत्रण-स्लाइड लागते. पोटाच्या भिंतीतल्या डेस्मॉइड गाठीचा जुना ब्लॉक मिळाला. त्या गाठीत बहुधा बीटा-कॅटेनिनचं स्वतःचंच जनुक बिघडलेलं असतं, ४१ किंवा ४५ या जागी. खूण लावायची जागाच नाही, म्हणून एपीसी धडधाकट असूनही प्रथिन मोडलं जात नाही. भोक मोकळं आहे, पाणीच भोकात शिरायला तयार नाही. आता प्रत्येक खेपेला ही स्लाइड सोबत जाईल; तिच्यात केंद्रकं तपकिरी आली नाहीत तर ती सबंध खेप रद्द.

दुसरी गोष्ट जास्त खोल. ब्लॉक १२ मध्ये गाठ जिथे स्नायूत घुसते त्या कडेला जवळजवळ प्रत्येक केंद्रक तपकिरी. मधल्या भागात, जिथे ग्रंथींचे आकार नीट आहेत, तिथे रंग कडेला आणि पेशीरसात, केंद्रकात फारच थोड्या ठिकाणी. आधी वाटलं फॉर्मेलिन आतपर्यंत पोचलं नसेल. पण मधल्या भागातल्या रक्तवाहिन्यांच्या कडा व्यवस्थित रंगल्या आहेत, म्हणजे दोष रंगाचा नाही.

ही विसंगती जर्मनीत ब्राब्लेट्स आणि सहकाऱ्यांनी फार आधी दाखवली होती. सगळ्या पेशींत एपीसीचा बिघाड तोच, मग केंद्रक कडेलाच का भरतं? एपीसी गेल्यानं साठा वाढतो, पण तो केंद्रकात किती शिरेल हे आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट या आधारपेशींकडून येणाऱ्या निरोपांवरही ठरतं, हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर त्यातलाच एक. म्हणजे मधल्या भागातून घेतलेल्या छोट्या बायोप्सीवर "केंद्रकात नाही" दिसलं म्हणून विंटची वाट शाबूत आहे असं लिहिणं चूक ठरेल. अहवालाच्या नमुन्यात "सेक्शन कुठल्या भागाचा" हा रकाना आजच वाढवला.

२० फेब्रुवारी

ब्लॉक ७. वय २४, चोपड्याकडचा मुलगा. आतडं काढलं तेव्हा अस्तरावर मोजता येणार नाहीत इतके पॉलिप होते आणि त्यातल्या एकाचा कर्करोग झाला होता. रक्त आणि गाठ या दोन्हींची जनुक-तपासणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. अहवाल आला.

रक्तात एपीसीचा बदल : `c.3927_3931del`, `p.Glu1309AspfsTer4`.

पाच अक्षरं गळाली आहेत. पाचाला तीननं भाग जात नाही, त्यामुळे तिथून पुढचं वाचन घसरतं आणि लगेच थांबण्याची खूण येते. २८४३ अमिनो आम्लांचं प्रथिन १३११ वर तुटतं. फॅमिलियल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस या आनुवंशिक आजारात सर्वांत जास्त वेळा सापडणारा बदल हाच, आणि यात पॉलिप लवकर व फार संख्येनं येतात.

उरलेल्या तुकड्यात काय आहे हे मी पेन्सिलनं पट्टी काढून खुणावलं. बीटा-कॅटेनिनला धरणारे पंधरा-आम्लांचे तीन तुकडे शाबूत. वीस-आम्लांचे सात असतात, त्यातला एकच उरला. ॲक्सिनला बिलगणारे तिन्ही तुकडे गेले. म्हणजे हा हात बीटा-कॅटेनिनला धरू शकतो, पण ॲक्सिनच्या बैठकीपर्यंत नेऊ शकत नाही.

एक प्रत आईकडून किंवा वडिलांकडून अशी तुटकी आली तरी दुसरी चांगली प्रत काम चालवते. गाठ होण्यासाठी तीही जावी लागते. मला वाटायचं ती कशीही गेली तरी सारखंच. तसं नाही. जन्मजात बदल १३०० च्या आसपास असेल तर गाठीत दुसरी प्रत बहुधा सबंधच हरवलेली सापडते. जन्मजात बदल प्रथिनाच्या सुरुवातीकडे असेल, वीस-आम्लांचा एकही तुकडा उरला नसेल, तर दुसरी प्रत बहुधा १२८६ ते १५१३ या पट्ट्यात तुटलेली असते. दोन्ही वाटांनी पेशीकडे वीस-आम्लांचे एक-दोन तुकडे उरतात. थोडी मोडणी चालू राहिलेली गाठीला सोयीची पडते. अगदीच बेबंद बीटा-कॅटेनिन पेशीलाही झेपत नाही. दुसरा आघात कुठे बसतो हे पहिल्यावर ठरतं, कारण हजारो पेशींतून वाढायला टिकते ती याच मापाची.

मग आमच्या मुलाच्या गाठीत दुसरी प्रत हरवली का? गाठीच्या डीएनएत बदललेल्या प्रतींचं प्रमाण ७८ टक्के आलं. मी ज्या भागातून खरवडून दिलं त्यात गाठीच्या पेशी डोळ्यानं ६० टक्के होत्या, बाकी निरोगी. निरोगी पेशींत प्रमाण निम्मं. गाठीत चांगली प्रत शाबूत असती तर एकूण ५०. चांगली हरवून फक्त तुटकी उरली असेल तर १.० भागिले १.४, म्हणजे ७१. चांगली जाऊन तिच्या जागी तुटकीचीच दुसरी प्रत आली असेल तर ०.६ अधिक ०.२, म्हणजे ८०.

७८ हे ८० च्या जवळ. पण माझा ६० टक्क्यांचा अंदाज प्रत्यक्षात ७२ असेल तर एकच प्रत उरण्याच्या हिशेबातूनही ७८ येतात. तेव्हा "चांगली प्रत गेली आहे" हे खात्रीनं लिहिलं, "कशी गेली" हे लिहिलं नाही.

३ मार्च

मुलाची आई अहवाल समजून घ्यायला आली. सरांनी मला शेजारी बसवलं. धाकटा मुलगा ११ वर्षांचा.

"ताई, याला पण व्हईल का?" तिनं विचारलं.

शक्यता निम्मी, हे सांगितलं. पण त्याचं सबंध जनुक वाचावं लागणार नाही. घरातला बदल आता ठाऊक आहे, तेवढीच एक जागा पाहायची. ती जागा चांगली निघाली तर त्याच्यावर या आजाराची टांगती तलवार नाही, आणि त्याला दर वर्षी दुर्बिणीखाली घालायची गरज नाही. बिघडलेली निघाली तर दुर्बिणीची तपासणी याच वयापासून, साधारण १० ते १२ वर्षांपासून, सुरू करायची.

मग तिनं विचारलं, "हे बंद करायचं औषध नाही का?"

तिला साध्या शब्दांत नाही म्हणाले. रात्री वहीत मोठं उत्तर लिहिलं. विंट पेशीबाहेर पडूच नये म्हणून पोर्क्युपाइन विकर अडवणारी औषधं आहेत. पण या मुलाच्या गाठीत बिघाड निरोपाच्या खूप खाली आहे. वरचा नळ बंद करून काय उपयोग, चिंधी भोकात आहे. खालून धरायचं तर टॅन्किरेज हे विकर अडवून ॲक्सिन वाढवता येतं, तुटक्या एपीसीसोबतही मोडणी काही अंशी परत येते. पण निरोगी क्रिप्टच्या तळालाही तीच वाट हवी असते, आणि प्राण्यांत या औषधांनी आतड्याचंच अस्तर झिजलं. बीटा-कॅटेनिन आणि टीसीएफ यांची मिठी सोडवणं अजून रोजच्या वापरापर्यंत आलेलं नाही.

तरी एक प्रयोग मनातून जात नाही. २०१५ मध्ये डाउ, लोव आणि सहकाऱ्यांनी उंदरांत एपीसी हवं तेव्हा दाबता आणि परत चालू करता येईल अशी सोय केली. दाबल्यावर गाठी झाल्या. परत चालू केल्यावर दोन आठवड्यांत गाठी ओसरल्या आणि क्रिप्ट पूर्वीसारखे काम करू लागले, केरास आणि पी-५३ ही कर्करोगातली दुसरी जनुकं बिघडलेली असतानाही. एवढी मोठी झालेली गाठ त्या एका भोकावर अजूनही अवलंबून होती.

१४ मार्च

धाकट्याचं रक्त घेतलं. तीन मिलीलिटर, जांभळ्या झाकणाची नळी. अर्जात "कुटुंबातील ज्ञात बदल" या रकान्यात मी `c.3927_3931del` लिहिलं, आणि एक एक अक्षर मोठ्या भावाच्या अहवालाशी ताडून पाहिलं. एक आकडा चुकला तर ते भलतीच जागा वाचतील आणि "बदल नाही" असं कळवतील. म्हणून मोठ्याच्या रक्ताचा नमुनाही सोबत दिला. त्याच्यात बदल सापडला तरच धाकट्याच्या नकाराला अर्थ.

पोरगं सुई टोचताना रडलं नाही. जिभाऊंनी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली ब्लॉक ३ मधलं निरोगी अस्तर दाखवलं. म्हणालं, "मधमाशीचं पोळं आहे का?"

उद्या हेमॅटॉक्सिलिनमध्ये बुडालेले सहा ब्लॉक पुन्हा करायचे आहेत. अर्धं मिनिट, डेस्मॉइडची स्लाइड सोबत.